कोपऱ्यांच्या अक्षांश-रेखांशांवरून शेताचे क्षेत्रफळ: आधी मीटर, मग नाडीचे सूत्र

बांधाबांधाने फिरून शेताच्या प्रत्येक कोपऱ्यावर मोबाइलने अक्षांश-रेखांश टिपून घेतले, की आकड्यांच्या पाच-सहा जोड्या हाती येतात आणि साहजिकच प्रश्न पडतो की यावरून गुंठे किती भरले हे काढता येईल का. काढता येते, आणि त्याला कागद, पेन व साधा कॅल्क्युलेटर पुरतो. मात्र त्यात दोन स्वतंत्र पायऱ्या आहेत. पहिली म्हणजे अंशांतले आकडे मीटरमध्ये आणणे, ज्याला प्रक्षेपण म्हणतात. दुसरी म्हणजे त्या मीटरांवर ‘शूलेस’ किंवा नाडीचे सूत्र चालवणे. माझ्या पाहण्यात ज्यांची उत्तरे चुकली, त्यांतल्या बहुतेकांचे सूत्र बरोबरच होते, चूक पहिल्या पायरीत झालेली होती.

उदाहरणासाठी दौंड परिसरात बसेल असे एक शेत कल्पू या. त्याला पाच कोपरे आहेत, आणि वरच्या बाजूला शेजाऱ्याची जमीन आत घुसल्यामुळे एक कोपरा आतल्या अंगाला वळलेला आहे. नैऋत्येच्या कोपऱ्यापासून सुरुवात करून, शेत डाव्या हाताला ठेवून बांधावरून चालत गेलो, तर कोपरे या क्रमाने लागतात:

| कोपरा | अक्षांश | रेखांश |
|---|---|---|
| क | १८.५००१२० | ७४.५००२४० |
| ख | १८.५०००६० | ७४.५०११९० |
| ग | १८.५००८२० | ७४.५०१३१० |
| घ | १८.५००६४० | ७४.५००७८० |
| च | १८.५००९६० | ७४.५००२०० |

हे आकडे तसेच सूत्रात घातले, तर उत्तर सुमारे ०.००००००६९ येते. हे ‘चौरस अंश’ झाले, आणि चौरस अंश हे जमीन मोजण्याचे एककच नव्हे, कारण अंश म्हणजे कोन आहे, लांबी नाही. त्यातही अक्षांशाचा एक अंश आणि रेखांशाचा एक अंश जमिनीवर सारखे अंतर दाखवत नाहीत. विषुववृत्तावर रेखांशाचा एक अंश म्हणजे १११.३२ किलोमीटर, तिथून उत्तरेकडे सरकावे तशी रेखांशाची वर्तुळे जवळ येत जातात, आणि ध्रुवावर ती सगळी एका बिंदूत मिळतात. आपल्या १८.५ अंशांवर रेखांशाचा एक अंश सुमारे १,०५,६०२ मीटर भरतो, तर अक्षांशाचा एक अंश १,१०,६८६ मीटर. पृथ्वी ध्रुवांकडे किंचित चपटी आहे, म्हणून हे आकडे गोलाच्या साध्या सूत्राने तंतोतंत येत नाहीत. ते जीपीएस ज्या पृथ्वी-आकारावर चालते, त्या डब्ल्यूजीएस ८४ या लंबगोलावरून काढलेले आहेत. दोन्ही दिशांना सरसकट ‘एक अंश म्हणजे १११ किलोमीटर’ धरले, तर या अक्षांशावर क्षेत्रफळ पाच टक्क्यांहून अधिक फुगते, म्हणजे दोन एकरांमागे चार गुंठे.

आता मीटर काढू. संपूर्ण पृथ्वी सपाट कागदावर न ताणता उतरवता येत नाही, हे खरे असले तरी शंभर-दीडशे मीटरच्या तुकड्यापुरती ती सपाटच मानायला हरकत नाही. म्हणून क हा कोपरा शून्य मानू, बाकीच्या प्रत्येक कोपऱ्याच्या रेखांशातून क चा रेखांश वजा करून फरकाला १,०५,६०२ ने गुणू, आणि अक्षांशांच्या फरकाला १,१०,६८६ ने. ख चे पाहा: रेखांशातला फरक ०.०००९५० आहे, म्हणजे ख हा क च्या पूर्वेला १००.३ मीटर आहे. अक्षांशातला फरक उणे ०.००००६० आहे, म्हणजे तो ६.६ मीटर दक्षिणेला आहे. पूर्व आणि उत्तर धन, पश्चिम आणि दक्षिण ऋण, एवढे सांभाळले की पाचही कोपरे असे येतात:

| कोपरा | पूर्वेकडे (x) | उत्तरेकडे (y) |
|---|---|---|
| क | ० | ० |
| ख | १००.३ | −६.६ |
| ग | ११३.० | ७७.५ |
| घ | ५७.० | ५७.६ |
| च | −४.२ | ९३.० |

यातच एक सावधगिरी दडलेली आहे. अक्षांश-रेखांशाचे दशांशस्थळ कापू नये. सहाव्या स्थळाचा एक म्हणजे जमिनीवर साधारण अकरा सेंटिमीटर, पाचव्याचा एक म्हणजे सुमारे एक मीटर दहा सेंटिमीटर, आणि चौथ्याचा एक म्हणजे अकरा मीटर. कुणी व्हॉट्सॲपवर चारच स्थळांपर्यंतचे आकडे पाठवले असतील, तर त्यावरून गुंठ्यांचा हिशेब करण्यात अर्थ नाही.

आता सूत्र. बहुभुजाचे कोपरे बांधावरच्या क्रमाने एकाखाली एक लिहायचे आणि पहिला कोपरा शेवटी पुन्हा लिहायचा. मग प्रत्येक ओळीतला x पुढच्या ओळीतल्या y शी गुणायचा, पुढच्या ओळीतला x या ओळीतल्या y शी गुणायचा, आणि पहिल्यातून दुसरा गुणाकार वजा करायचा. गुणाकारांच्या जोड्या रेघांनी जोडल्या तर बुटाची नाडी ओवल्यासारखी फुलीफुलीची नक्षी दिसते, तिच्यावरून हे नाव पडले. सगळ्या वजाबाक्यांची बेरीज करून तिचा निम्मा घेतला की क्षेत्रफळ मिळते:

```
A = ½ · | Σ ( x[i]·y[i+1] − x[i+1]·y[i] ) |
```

माइस्टर या जर्मन गणितज्ञाने १७६९ मध्ये हे सूत्र मांडले. पुढे ते गाउसच्या नावानेही ओळखले जाऊ लागले.

आपल्या शेतात क शून्य असल्यामुळे क→ख आणि च→क या दोन ओळींचे उत्तर आपोआप शून्य येते, आणि तीनच ओळी उरतात. ख→ग साठी १००.३ × ७७.५ मधून ११३.० × (−६.६) वजा करायचे. ऋण संख्या वजा केल्याने ती मिळवली जाते, त्यामुळे ७,७७३.२५ मध्ये ७४५.८० मिळून ८,५१९.०५ होतात. ग→घ साठी ११३.० × ५७.६ मधून ५७.० × ७७.५ वजा केल्यावर २,०९१.३० उरतात. घ→च साठी ५७.० × ९३.० मधून (−४.२) × ५७.६ वजा केल्यावर ५,५४२.९२ येतात. तिन्हींची बेरीज १६,१५३.२७, तिचा निम्मा ८,०७६.६ चौरस मीटर. सातबाऱ्यावर लिहितात त्या पद्धतीने सांगायचे तर हे ८० आर ७७ चौरस मीटर झाले. आणि एक गुंठा म्हणजे ३३ फूट बाय ३३ फूट, अर्थात १०१.१७ चौरस मीटर, म्हणून गुंठ्यांत ७९.८. दोन एकरांना अगदी थोडे कमी.

हे सूत्र का चालते, ते याच आकड्यांतून दिसते. ८,५१९.०५ चा निम्मा म्हणजे क-ख-ग या त्रिकोणाचे क्षेत्रफळ आहे, २,०९१.३० चा निम्मा क-ग-घ चे आणि ५,५४२.९२ चा निम्मा क-घ-च चे. म्हणजे सूत्राने क वर उभे राहून शेताचे पंख्यासारखे त्रिकोण पाडले आणि त्यांची बेरीज घेतली. पण मग घ पाशी शेजाऱ्याची जमीन आत घुसली आहे तिचे काय? क वरून पाहताना तो आतला कोपरा त्रिकोणांच्या आड येत नाही, म्हणून प्रश्न उद्भवत नाही. ग वर उभे राहिलो तर मात्र उद्भवतो. तिथून पाडलेले तीन त्रिकोण ग-घ-च, ग-च-क आणि ग-क-ख असे येतात. यांपैकी ग-घ-च हा त्रिकोण शेतात नाहीच, तो नेमका शेजाऱ्याचा घुसलेला तुकडा आहे. ग शून्य मानून सूत्र चालवले, तर या त्रिकोणाचे उत्तर उणे १,६०० चौरस मीटर येते, उरलेल्या दोघांचे अधिक ५,४१७ आणि अधिक ४,२६०. बेरीज पुन्हा ८,०७७. शेजाऱ्याचा तुकडा आधी ग-च-क मध्ये मोजला गेला होता, तो ऋण चिन्हाने आपला आपण वजा झाला. चिन्ह ठरते ते फिरण्याच्या दिशेवरून: घड्याळाच्या उलट फिरलो तर त्रिकोण धन, घड्याळाच्या दिशेने फिरलो तर ऋण. सगळ्या शेताला उलट दिशेने फेरी मारली तर संपूर्ण उत्तर ऋण येईल, एवढेच. म्हणून शेवटी चिन्ह सोडून देतात. मधल्या चिन्हांना मात्र हात लावायचा नाही. प्रत्येक ओळीचे चिन्ह पुसून बेरीज केल्यावर उत्तर भरघोस येते आणि चुकीचे असते.

फिरण्याची दिशा चालते, पण क्रम मोडलेला चालत नाही. समजा नोंदवहीतून उतरवताना ख आणि ग यांची अदलाबदल झाली. तेच पाच कोपरे, तेच मीटर, पण बांधाची रेघ आता क वरून थेट ग ला जाते, तिथून ख ला येते आणि मग घ कडे वळते. ही रेघ स्वतःलाच छेदते व इंग्रजी आठासारखा आकार होतो, ज्याची एक पाकळी घड्याळाच्या दिशेने आणि दुसरी उलट फिरते. सूत्र निमूटपणे एका पाकळीतून दुसरी वजा करते आणि उत्तर देते १,५८९ चौरस मीटर, म्हणजे पावणेसोळा गुंठे. कुठलीही सूचना मिळत नाही, कुठलाही आकडा विचित्र दिसत नाही. म्हणून हिशेबाआधी कोपरे चौकटीच्या कागदावर मांडून रेघ ओढून पाहणे हा दोन मिनिटांचा उपाय मला कुठल्याही सॉफ्टवेअरपेक्षा भरवशाचा वाटतो.

शेते पुष्कळ असली तर हाताने करण्यापेक्षा संगणकावर करणे बरे. तिथे मीटरसाठी सहसा यूटीएम हे प्रक्षेपण वापरतात. त्यात पृथ्वीचे सहा-सहा अंश रुंदीचे उभे पट्टे पाडलेले आहेत. ७२ ते ७८ अंश पूर्व हा ४३ वा पट्टा, ज्यात मुंबई, पुणे, औरंगाबाद, अमरावती येतात. ७८ अंशांच्या पूर्वेला, म्हणजे वर्धा, नागपूर, चंद्रपूर, गडचिरोलीकडे, ४४ वा पट्टा लागतो. ४३ साठी `EPSG:32643` आणि ४४ साठी `EPSG:32644` असा क्रमांक द्यायचा. पायथनमध्ये संपूर्ण काम एवढ्यात होते:

```python
from pyproj import Transformer
corners = [(18.500120, 74.500240), (18.500060, 74.501190),
           (18.500820, 74.501310), (18.500640, 74.500780),
           (18.500960, 74.500200)]
t = Transformer.from_crs("EPSG:4326", "EPSG:32643", always_xy=True)
p = [t.transform(lon, lat) for lat, lon in corners]
x0, y0 = p[0]
p = [(x - x0, y - y0) for x, y in p]
s = sum(a*d - c*b for (a, b), (c, d) in zip(p, p[1:] + p[:1]))
print(abs(s) / 2)
```

यातल्या दोन गोष्टी उगाच नाहीत. `always_xy=True` दिले नाही, तर `EPSG:4326`, म्हणजे साधे अक्षांश-रेखांश, आधी अक्षांश मागते आणि आपण आधी रेखांश देतो. मग आपले शेत ७४.५ उत्तर, १८.५ पूर्व इथे जाते, म्हणजे नॉर्वेच्या उत्तरेला बेअर आयलंडजवळच्या थंड समुद्रात. दुसरे म्हणजे `x0, y0` वजा करणे. यूटीएममध्ये आपल्या शेताचे पूर्वांक ४,४७,००० च्या आणि उत्तरांक २०,४५,००० च्या घरात असतात. त्यांचे गुणाकार नव्वद हजार कोटींच्याही पुढे, लाख कोटींच्या जवळ जातात, आणि अशा दोन अजस्र संख्यांच्या वजाबाकीतून आपल्याला काही हजारांचा फरक वेचायचा असतो. पायथनची अंकक्षमता त्याला पुरते. पण दहा अंकी कॅल्क्युलेटर शेवटचे अंक गिळतो आणि नेमके तेच अंक आपले गुंठे असतात. एक कोपरा शून्य मानला की ही भानगडच उरत नाही.

हा कोड आपल्या शेताला सुमारे ८,०७१ चौरस मीटर देतो, हाताने काढलेल्यापेक्षा सहाने कमी. ही चूक नव्हे, यूटीएमचा स्वभाव आहे. पट्ट्याच्या मध्यरेषेवर, म्हणजे ४३ व्या पट्ट्यात ७५ अंशांवर, ते प्रत्येक लांबी मुद्दाम ०.९९९६ पट दाखवते, जेणेकरून कडांकडे होणारा ताण पट्टाभर वाटला जावा. लांबी ०.०४ टक्के कमी म्हणजे क्षेत्रफळ ०.०८ टक्के कमी, आणि पट्ट्याच्या अगदी कडेला आपल्या अक्षांशावर ते सुमारे ०.१७ टक्के जास्त भरते. हेक्टरामागे आठ ते सतरा चौरस मीटरांचा हा फरक क्यूजीआयएस या नकाशांच्या सॉफ्टवेअरमध्येही दिसतो: `area($geometry)` हे सूत्र स्तराच्या प्रक्षेपणातले सपाट क्षेत्रफळ देते, तर `$area` प्रकल्पात निवडलेल्या लंबगोलावरचे. दोन आकडे वेगळे आले म्हणून कुणाशी भांडायला जाऊ नये.

खरी फसगत करणारे प्रक्षेपण दुसरेच आहे. मोबाइल आणि ब्राउझरमधले बहुतेक नकाशे `EPSG:3857`, म्हणजे वेब मर्केटर, वापरतात. त्याचेही एकक मीटरच असते, त्यामुळे उत्तर पाहून शंका येत नाही. पण ते विषुववृत्तापासून दूरचे सगळे ताणून दाखवते, आणि १८.५ अंशांवर क्षेत्रफळ जवळजवळ बारा टक्क्यांनी वाढवते. आपले शेत त्यात सुमारे ९,०३० चौरस मीटर भरते. कागदावर साडेनऊ गुंठे वाढले, जमिनीवर एक ढेकूळही नाही. आपण हाताने केलेली सपाट मांडणीही अमर्याद चालत नाही, हे इथेच सांगायला हवे. उत्तर-दक्षिण अकरा किलोमीटर सरकले की रेखांशाच्या अंशाची लांबी सुमारे ०.०६ टक्क्यांनी बदलते, तेव्हा शेताला, वाडीला, गावठाणाला ती पद्धत योग्य आहे; तालुक्याचे क्षेत्रफळ काढायचे असेल तर समक्षेत्र प्रक्षेपण घ्यावे किंवा थेट लंबगोलावर मोजावे. डोंगरउतारावरच्या शेताबाबत एवढेच, की हे सूत्र आडव्या पातळीवर पाडलेले क्षेत्रफळ देते, उताराच्या पृष्ठभागाचे नाही. मोजणीतही आडवेच धरतात.

पण या सगळ्या सहा-आठ चौरस मीटरांवर घाम गाळण्यापूर्वी मोबाइलच्या चुकीकडे पाहावे. मोकळ्या आकाशाखाली चांगला मोबाइलही तीन ते पाच मीटर चुकतो, झाडाखाली त्याहून अधिक. एक कोपरा सरकल्याने क्षेत्रफळ किती बदलते, याचा हिशेब सोपा आहे: त्याच्या दोन्ही बाजूंच्या कोपऱ्यांमधले अंतर घ्यावे, त्या रेषेला काटकोनात कोपरा जितका सरकला तितक्याने गुणावे आणि निम्मे करावे. घ च्या शेजारचे ग आणि च एकमेकांपासून ११८ मीटरवर आहेत, तेव्हा एकटा घ तीन मीटर सरकला तरी १७७ चौरस मीटर, म्हणजे पावणेदोन गुंठे, इकडचे तिकडे होतात. पाचही कोपरे दोन्ही दिशांना आपापल्या परीने तीन-तीन मीटरांच्या आसपास चुकले, तर एकत्रित अनिश्चितता सुमारे ३९० चौरस मीटर होते. तेव्हा आपले उत्तर प्रामाणिकपणे सांगायचे तर ‘ऐंशी गुंठे, चार गुंठे कमी-अधिक’ असे आहे, आणि ७९.८३ लिहिणे हा निव्वळ देखावा ठरतो. सेंटिमीटरमध्ये मोजणारे आरटीके यंत्र असेल आणि चूक दोन सेंटिमीटरची असेल, तर हीच अनिश्चितता तीन चौरस मीटरांच्या आत येते. यूटीएमच्या सहा चौरस मीटरांची दखल घेण्याला तिथे मात्र अर्थ आहे.

प्रत्यक्षात मोबाइलची चूक थोडी सौम्य असते, कारण दहा-पंधरा मिनिटांत सगळे कोपरे टिपले तर चुकीचा बराच भाग सगळ्यांना सारखाच लागू होतो. अख्खे शेत तीन मीटर पूर्वेला सरकते, पण क्षेत्रफळ बदलत नाही. म्हणूनच दोन कोपरे सकाळी आणि तीन दुसऱ्या दिवशी, असे टिपू नये. आणि टिपलेले बरोबर आहे की नाही हे पाहायला एक फिताही पुरतो. क आणि ग चे मीटर आपल्याकडे आहेत, तेव्हा पायथागोरसने त्यांच्यातले अंतर ११३.० चा वर्ग अधिक ७७.५ चा वर्ग यांचे वर्गमूळ, म्हणजे १३७.० मीटर यायला हवे. पीक नसताना हा कर्ण फित्याने ओढावा. तो १३५ किंवा १३९ आला तर चूक मोबाइलच्या नेहमीच्या मर्यादेतली आहे. फित्याने १३७ आणि हिशेबात मात्र १४५ आला तर प्रक्षेपण तपासावे, कारण वेब मर्केटर नेमका एवढाच, साडेपाच-सहा टक्क्यांनी, लांबी फुगवतो. आणि फित्याने १६० आला तर कोणता तरी कोपरा वहीत चुकीचा उतरला आहे.